आयपीओचा अर्ज ते पहिली विक्री: शेअर बाजारात पैसा नेमका कुणाकडे जातो?

वाणिज्य शाखेत नव्याने आलेले विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात: एखाद्या कंपनीचा शेअर आज दहा टक्के वाढला, म्हणजे कंपनीला तेवढे जास्त पैसे मिळाले का? उत्तर आहे, एक रुपयाही मिळाला नाही. काल ज्याच्याकडे शेअर होता त्याने तो विकला, आज दुसऱ्याने घेतला. पैसे घेणाऱ्याच्या खात्यातून विकणाऱ्याच्या खात्यात गेले. कंपनीच्या दप्तरी फक्त भागधारकाचं नाव बदललं.

हा व्यवहार झाला दुय्यम बाजारात. कंपनी जेव्हा नवे शेअर काढून थेट गुंतवणूकदारांना देते आणि त्यांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेते, तो प्राथमिक बाजार. प्राथमिक बाजाराला वेगळी इमारत किंवा वेगळा पडदा नसतो. बऱ्याचदा अर्ज त्याच ब्रोकरच्या अ‍ॅपवरून जातो, शेअर त्याच डिमॅट खात्यात येतात. म्हणून ‘कुठे घेतला’ यापेक्षा ‘पैसे कुणाला मिळाले’ हे विचारावं. या लेखात आपण एकच इश्यू पहिल्या कागदापासून शेअर बाजारातल्या पहिल्या विक्रीपर्यंत पाहू आणि प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न विचारत जाऊ. इथले नियम भारतातल्या मुख्य बाजाराचे आहेत. लहान कंपन्यांसाठी जो एसएमई मंच आहे, त्याचे नियम वेगळे आहेत आणि तिथे किमान अर्जाची रक्कमही बरीच मोठी असते.

आपली उदाहरणाची कंपनी

समजा एका कंपनीचे आज २ कोटी ४० लाख शेअर आहेत, प्रत्येकाचं दर्शनी मूल्य १० रुपये. ते सगळे प्रवर्तकांकडे आणि सुरुवातीला पैसे घालणाऱ्या काही गुंतवणूकदारांकडे आहेत. कंपनीला नवा कारखाना उभारायचा आहे आणि थोडं कर्ज फेडायचं आहे. त्याच वेळी जुन्या गुंतवणूकदारांना आपले काही शेअर विकून बाहेर पडायचं आहे. म्हणून कंपनी १ कोटी शेअरची सार्वजनिक विक्री ठरवते: त्यातले ६० लाख नवे आणि ४० लाख जुन्यांनी विकायला काढलेले.

यातल्या पहिल्या भागाला फ्रेश इश्यू म्हणतात आणि दुसऱ्याला ऑफर फॉर सेल, म्हणजे ओएफएस. शेअरची किंमत २०० रुपये ठरली असं धरू. फ्रेश इश्यूचे १२० कोटी कंपनीला मिळतील. ओएफएसचे ८० कोटी जुन्या गुंतवणूकदारांना मिळतील, त्यातलं काहीच कंपनीकडे येणार नाही. बातमीत मात्र ‘२०० कोटींचा आयपीओ’ असंच छापून येईल. म्हणून माझ्या मते कुठल्याही आयपीओबद्दल सर्वांत आधी हे विचारावं: यात फ्रेश किती आणि ओएफएस किती?

याचं ठळक उदाहरण आहे एलआयसी. मे २०२२ मध्ये तिचा सुमारे २०,५०० कोटी रुपयांचा आयपीओ आला, ९४९ रुपये दराने. तो पूर्णपणे ओएफएस होता. विकणारं होतं केंद्र सरकार आणि पैसे गेले सरकारच्या तिजोरीत, एलआयसीकडे नाही. यात गैर काही नाही. मालकाला आपला हिस्सा विकण्याचा हक्क असतोच. पण ‘या पैशातून कंपनी वाढेल’ असं समजून कुणी अर्ज केला असेल, तर ते चूक होतं.

हिशेबाच्या वहीत आपल्या कंपनीचे १२० कोटी दोन ठिकाणी जातील. ६० लाख शेअर गुणिले १० रुपये, म्हणजे ६ कोटी भागभांडवलात. उरलेले ११४ कोटी सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात, कारण प्रत्येक शेअरमागे १९० रुपये अधिमूल्य घेतलं आहे. हे ११४ कोटी नफा नाही. ते नफा-तोटा पत्रकात येत नाहीत, ताळेबंदात भागधारकांच्या निधीखाली दिसतात. परीक्षेत इथे गुण जातात आणि पुढे ताळेबंद वाचतानाही इथेच गफलत होते.

इश्यूनंतर एकूण शेअर होतील ३ कोटी. आधी ज्याच्याकडे २४ लाख शेअर, म्हणजे १० टक्के मालकी होती आणि ज्याने काहीच विकलं नाही, त्याची मालकी आपोआप ८ टक्के होईल. नवे शेअर काढल्याने जुन्यांचा वाटा असा पातळ होतो. ओएफएसमध्ये हे होत नाही, कारण शेअरची एकूण संख्या तीच राहते.

पहिली पायरी: कागद

कंपनी आधी मर्चंट बँकर नेमते. तो माहितीपत्रकाचा मसुदा तयार करतो आणि सेबीकडे दाखल करतो. या मसुद्याला बाजारात डीआरएचपी म्हणतात. तो लोकांच्या अभिप्रायासाठी किमान २१ दिवस खुला राहतो. सेबी शंका विचारते, दुरुस्त्या सुचवते आणि शेवटी आपली निरीक्षणं कळवते. त्यानंतर सुधारित प्रत, आरएचपी, कंपनी निबंधकाकडे दाखल होते. ‘रेड हेरिंग’ हे विचित्र नाव ज्या माहितीपत्रकात नेमकी किंमत किंवा शेअरची नेमकी संख्या अजून भरलेली नसते, त्याला दिलेलं आहे.

इथे एक गैरसमज खोल रुजलेला आहे. ‘सेबीने मंजूर केलाय’ म्हणजे इश्यू चांगला आहे, असं लोक समजतात. सेबी फक्त पुरेशी माहिती उघड झाली आहे का, एवढंच पाहते. किंमत योग्य आहे, धंदा चालेल, असं ती कधीच म्हणत नाही, आणि हे माहितीपत्रकावर स्पष्ट लिहिलेलं असतं. १९९२ पर्यंत व्यवस्था वेगळी होती. तेव्हा सरकारचा भांडवल विक्री नियंत्रक असे आणि किती भांडवल उभारायचं, किती अधिमूल्य घ्यायचं यावर त्याचा शब्द चाले. ते पद त्या वर्षी गेलं, सेबीला कायद्याने अधिकार मिळाले आणि किंमत ठरवणं कंपनीवर व बाजारावर आलं. तेव्हापासून किंमत पारखण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्याचीच आहे.

आरएचपी शेकडो पानांची असते. सगळी वाचावी असा आग्रह मी धरणार नाही, पण तीन जागा उघडाव्यातच. पहिली, ‘इश्यूची उद्दिष्टं’: १२० कोटी कुठे खर्च होणार, किती कारखान्यावर, किती कर्जफेडीवर. ‘सर्वसाधारण कॉर्पोरेट कामं’ या मोघम नावाखाली एकूण रकमेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हा आकडा मर्यादेच्या काठावर असेल, तर बाकीची उद्दिष्टं जास्त बारकाईने वाचावीत. दुसरी, ‘जोखमीचे घटक’. त्यातल्या पहिल्या काही मुद्द्यांत बहुधा खरं दुखणं सापडतं: निम्मी विक्री एकाच ग्राहकाला होते, किंवा एखादा मोठा खटला चालू आहे. तिसरी, विकणाऱ्या भागधारकांना त्यांचे शेअर सरासरी किती रुपयांना पडले, तो तक्ता. त्यांना ३० रुपयांना पडलेला शेअर तुम्हाला २०० रुपयांना मिळत असेल, तर मधल्या काळात कंपनीत काय बदललं हे आरएचपीत सापडलं पाहिजे.

दुसरी पायरी: किंमत कशी ठरते

आज बहुतेक इश्यू बुक बिल्डिंगने येतात. कंपनी एकच किंमत न सांगता पट्टा जाहीर करते, आपल्या उदाहरणात १९० ते २०० रुपये. वरची किंमत खालच्या किमतीच्या १२० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. इश्यू किमान तीन कामकाजाचे दिवस खुला राहतो आणि त्या काळात लोक आपापल्या किमतीला बोली लावतात.

मागणी बेताची आहे असं आधी धरू. २०० रुपयांना ६० लाख शेअरची बोली आली. १९८ ला आणखी २५ लाख, म्हणजे एकूण ८५ लाख. १९६ ला आणखी २० लाख, एकूण १ कोटी ५ लाख. विकायचे आहेत १ कोटी, म्हणजे १९६ या किमतीला सगळा माल खपतो. हीच कट-ऑफ किंमत. ज्याने २०० ची बोली लावली त्यालाही शेअर १९६ लाच मिळतो. ज्याने १९५ ची लावली त्याला काहीच मिळत नाही.

यावरून अर्जातल्या ‘कट-ऑफ’ या खुणेचा अर्थ कळतो. ती निवडली की ‘जी किंमत ठरेल ती मला मान्य’ असं तुम्ही सांगता. ही सोय मुख्यतः किरकोळ गुंतवणूकदारांसाठी आहे. पैसे मात्र पट्ट्याच्या वरच्या टोकाने अडवले जातात. ७० शेअरसाठी १४,००० रुपये अडले आणि किंमत १९६ ठरली, तर १३,७२० रुपये कापले जातात आणि २८० मोकळे होतात. मागणी जोरात असेल तर किंमत जवळजवळ नेहमीच वरच्या टोकाला ठरते. तेव्हा १९५ ची बोली लावणाऱ्याचा अर्ज सरळ बाद होतो. अर्ज करायचं ठरलंच असेल, तर दोन-चार रुपये वाचवायला खालची किंमत टाकण्यात मला काही हशील दिसत नाही. शेअर २०० ला महाग वाटत असेल तर अर्जच करू नये.

आपल्या कंपनीला मागणी भरपूर आली आणि किंमत २०० ठरली, असं धरून पुढे जाऊ.

तिसरी पायरी: अर्ज

अर्जाला पॅन, डिमॅट खातं आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. शेअर सुटे मिळत नाहीत, लॉटने मागावे लागतात. मुख्य बाजारात एका लॉटची किंमत साधारण १०,००० ते १५,००० रुपयांच्या मधे बसवलेली असते. आपला लॉट ७० शेअरचा, २०० ने १४,००० रुपयांचा. अर्ज एकूण २ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर तुम्ही किरकोळ गटात मोडता, म्हणजे जास्तीत जास्त १४ लॉट.

पूर्वी अर्जासोबत चेक जायचा, पैसे खात्यातून निघून जायचे आणि शेअर मिळाले नाहीत तर परताव्याची वाट बघत बसावं लागे. २००८ मध्ये अस्बा नावाची पद्धत आली आणि २०१६ पासून ती सार्वजनिक इश्यूमध्ये सगळ्यांना बंधनकारक झाली. आता रक्कम तुमच्याच खात्यात राहते, फक्त अडवली जाते. तिच्यावर बचत खात्याचं व्याज चालू राहतं. वाटप झालं तरच ती कापली जाते, नाहीतर अडवणूक उठते.

ब्रोकरच्या अ‍ॅपवरून अर्ज केला की यूपीआयवर मंजुरीची विनंती येते. नवखे इथे थांबतात, कारण त्यांना वाटतं अर्ज झाला. ती विनंती पिन टाकून मंजूर केली नाही तर अर्ज ग्राह्यच धरला जात नाही. इश्यू बंद होण्याच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत मंजुरी द्यावी लागते, आणि शेवटच्या दुपारी गर्दीमुळे विनंती उशिरा पोहोचू शकते. म्हणून अर्ज आदल्या दिवशीच करावा आणि बँक खात्यात रक्कम खरंच अडली आहे का हे पाहावं. अर्ज पोहोचल्याची हीच खात्रीची खूण.

अर्ज बाद होण्याची बाकी कारणंही ठरलेली आहेत. अर्जातला पॅन आणि डिमॅट खात्यातला पॅन जुळत नाही. पैसे वडिलांच्या खात्यातून आणि अर्ज मुलाच्या नावाने. किंवा एकाच पॅनवर दोन वेगळ्या ब्रोकरांकडून दोन अर्ज. दुसऱ्या अर्जाने संधी दुप्पट होत नाही, दोन्ही अर्ज गमावण्याची वेळ येते. घरातल्या तिघांनी आपापल्या पॅन, डिमॅट आणि बँक खात्यावरून तीन अर्ज केले, तर ते मात्र पूर्ण नियमात आहे.

चौथी पायरी: वाटप

सगळे शेअर एकाच ढिगातून वाटले जात नाहीत. नफ्याचे ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीच्या इश्यूमध्ये किमान ३५ टक्के किरकोळ गटासाठी, किमान १५ टक्के २ लाखांहून मोठा अर्ज करणाऱ्या बिगरसंस्थात्मक गटासाठी आणि जास्तीत जास्त ५० टक्के म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, बँका अशा संस्थांसाठी असतात. निकषात न बसणाऱ्या कंपनीला किमान ७५ टक्के संस्थांनाच द्यावे लागतात आणि किरकोळ गटाला जेमतेम १० टक्के उरतात. त्यामुळे किरकोळ हिस्सा १० टक्के दिसला की ही कंपनी नफ्याच्या निकषात बसलेली नाही, हे आरएचपी न उघडताही कळतं.

आपल्या इश्यूत किरकोळ गटाला ३५ लाख शेअर आहेत. ७० ने भागले की बरोबर ५०,००० लॉट. अर्ज आले २ लाख, पण काहींनी एकाहून जास्त लॉट मागितले, म्हणून एकूण मागणी झाली ३ लाख लॉटची. बातमी येईल: ‘किरकोळ हिस्सा सहा पट भरला.’ वाचणारा समजतो, संधी सहात एक. प्रत्यक्षात नियम असा आहे की किरकोळ गटात शक्य तितक्या लोकांना आधी किमान एक लॉट द्यायचा. लॉट ५०,००० आणि माणसं २ लाख, म्हणून सोडत निघते आणि चारांतल्या एकाला एक लॉट मिळतो. ज्याने १४ लॉट मागून १,९६,००० रुपये अडकवले, त्याची संधीही तेवढीच, आणि मिळाला तर त्यालाही एकच लॉट. अर्जांची संख्या लॉटपेक्षा जास्त होणार हे दिसत असेल, तर एकाहून जास्त लॉट मागून फक्त पैसे अडकतात.

उलट परिस्थिती पाहू. अर्ज ४०,००० च आले, पण मागणी १ लाख २० हजार लॉटची आहे. बातमीत हा हिस्साही दुपटीहून जास्त भरलेला दिसेल. पण इथे प्रत्येकाला एक लॉट नक्की मिळतो आणि उरलेले १०,००० लॉट जास्त मागणाऱ्यांत प्रमाणात वाटले जातात. म्हणून ‘किती पट’ या आकड्यासोबत अर्ज किती आले तो आकडाही बघावा.

‘खूप पट भरला म्हणजे चांगला’ हेही खरं नाही. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा इश्यू सुमारे ७३ पट भरला होता, किंमत ४५० रुपये. ११ फेब्रुवारीला नोंदणीच्या दिवशी, म्हणजे शेअर बाजारात व्यवहार सुरू झाले त्या दिवशी, शेअर सुमारे ३७२ रुपयांवर बंद झाला. मधल्या काळात जगभरचे बाजार कोसळले होते. बोली लावताना आणि विक्री सुरू होताना बाजार एकच नसतो.

हे अंतर आता बरंच कमी झालं आहे. डिसेंबर २०२३ पासून इश्यू बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी नोंदणी बंधनकारक आहे. पहिल्या दिवशी वाटप ठरतं, दुसऱ्या दिवशी शेअर डिमॅटमध्ये जमा होतात आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांची रक्कम मोकळी होते, तिसऱ्या दिवशी शेअर बाजारात येतो. वाटप झालं का, ते इश्यूचे अर्ज आणि वाटप हाताळणाऱ्या रजिस्ट्रारच्या किंवा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर पॅन टाकून पाहता येतं.

पाचवी पायरी: दुय्यम बाजार सुरू होतो

नोंदणीच्या सकाळी आधी खरेदी-विक्रीच्या ऑर्डर गोळा करून सुरुवातीचा भाव काढतात आणि १० वाजता नेहमीचे व्यवहार सुरू होतात. समजा भाव निघाला २४० रुपये. तुम्हाला मिळालेला लॉट तुम्ही विकलात: ७० गुणिले २४०, म्हणजे १६,८०० रुपये. खर्च आणि कर सोडून फायदा २,८०० रुपये. हे पैसे आले तुमचा शेअर घेणाऱ्याकडून. आता सुटे शेअरही विकता येतात, लॉटचं बंधन अर्जापुरतंच होतं. व्यवहाराची पूर्तता लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी होते.

भाव २४० झाला म्हणून कंपनीचे १२० कोटी १४४ कोटी झाले नाहीत. उद्या भाव १६० वर आला तरी कंपनीला कुणाला काही परत द्यायचं नाही. मग कंपनीने भावाची पर्वा का करावी? कारण तिला पुन्हा पैसे लागतील. दोन वर्षांनी १२० कोटी हवे असतील, तर २४० च्या भावाला ५० लाख नवे शेअर काढून काम भागतं. १६० च्या भावाला ७५ लाख काढावे लागतात आणि जुन्या मालकांचा वाटा जास्त पातळ होतो. गुंतवणूकदाराच्या बाजूनेही दोन्ही बाजार जोडलेले आहेत. उद्या विकता येईल ही खात्री नसती, तर २०० रुपये देऊन कायमचं अडकून पडायला फार थोडे लोक तयार झाले असते.

नोंदणीआधी ‘ग्रे मार्केट’चा भाव कानावर येईल. तो अनधिकृत सौद्यांचा आकडा असतो. त्यावर सेबीचं नियंत्रण नाही, कुठे नोंद नाही, आणि सौदा फिसकटला तर दाद मागायला जागा नाही. मी तो निर्णयासाठी वापरत नाही आणि विद्यार्थ्यांनाही वापरू नका असंच सांगतो.

शेअर ठेवायचं ठरवलंत तर आरएचपीतलं ‘उद्दिष्टं’ हे पान जपून ठेवा. फ्रेश इश्यू १०० कोटींहून मोठा असेल, तर तो पैसा कुठे खर्च होतो यावर देखरेखीसाठी एक पतमानांकन संस्था नेमावी लागते. आपल्या कंपनीचे १२० कोटी या नियमात बसतात. ही संस्था पैसा पूर्ण खर्च होईपर्यंत दर तिमाहीला अहवाल देते आणि तो शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली सापडतो. त्यातला खर्चाचा तक्ता त्या पानाशेजारी ठेवून पाहा: कारखान्यासाठी किती सांगितले होते, किती लागले, आणि उरलेले कुठे ठेवले आहेत.